सेवा पुनर्प्राप्ती विरोधाभास

सेवा पुनर्प्राप्ती विरोधाभास ही सेवा विपणनातील एक संकल्पना आहे. सेवेतील चूक उत्तम रीतीने निस्तरल्यास ग्राहकाचे समाधान चुकीपूर्वीपेक्षाही वाढू शकते, असे ती सांगते. ही संज्ञा मॅककलो व भारद्वाज यांनी १९९२ मध्ये मांडली.

== कारणमीमांसा ==
ग्राहक पुनर्प्राप्तीचे मोजमाप न्यायाच्या तीन कसोट्यांवर करतो: भरपाई पुरेशी होती का, ती विनासायास मिळाली का आणि कर्मचारी आदराने वागले का. तिन्ही बाबतींत अपेक्षेपेक्षा अधिक मिळाल्यास विरोधाभास संभवतो.

== उदाहरण ==
१४ फेब्रुवारी २००७ रोजी न्यू यॉर्कच्या केनेडी विमानतळावरील हिमवादळात जेटब्लू कंपनीचे प्रवासी कित्येक तास उभ्या विमानांत अडकून पडले. पुढील काही दिवस उड्डाणे रद्द होत राहिली. मुख्याधिकारी डेव्हिड नीलमन यांनी जाहीर माफी मागितली. कंपनीने ग्राहक हक्कांची सनद काढून विलंबाच्या तासांनुसार भरपाई ठरवली.

पुनर्प्राप्ती तत्पर असली, तरी येथे विरोधाभासाची अपेक्षा धरता येत नाही. चूक किरकोळ, पहिलीच आणि कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची असल्यास तो अधिक संभवतो. वादळ नियंत्रणाबाहेरचे होते. मात्र विमाने रोखून धरण्याचा निर्णय आणि कर्मचारी नियोजनातील गोंधळ कंपनीचाच होता. त्यामुळे या उपायांचे उद्दिष्ट गमावलेला विश्वास परत मिळवणे एवढेच ठरते.

== मर्यादा ==
२००७ मध्ये डी मातोस व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात समाधान वाढल्याचे आढळले; पुनर्खरेदीचा इरादा मात्र वाढल्याचे आढळले नाही. मॅक्सहॅम व नेटेमेयर यांच्या २००२ च्या अभ्यासानुसार दुसऱ्या चुकीनंतर हा परिणाम टिकत नाही.