कपाळावरचा विरळ पट्टा

पंचेचाळिशीतले एक गृहस्थ मुलीच्या साखरपुड्यातला आपला फोटो पाहतात आणि स्टुडिओतल्या मुलाला सांगतात, "कपाळाचे दोन्ही कोपरे जरा भरून दे. पण टोप घातल्यासारखं दिसायला नको हं!" खरी कसोटी या दुसऱ्या वाक्यात आहे.

मुलगा डोक्याच्या मध्यावरचे दाट केस उचलून कोपऱ्यांत बसवतो. दहा मिनिटांत कोपरे भरतात, आणि टोपच दिसतो. केसांवरची चमकेची एकच तिरीप दोन ठिकाणी उमटलेली असते, आणि दाट केस कपाळाच्या कातडीला थेट भिडलेले असतात.

प्रत्यक्षात कपाळावर रेषा नसतेच. तिथे साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर रुंदीचा विरळ पट्टा असतो. सर्वांत पुढे एकेकटे, बारीक, फिकट केस. मागे जावं तसे एकाच ठिकाणाहून दोन-तीन केस निघतात आणि दाटी वाढते. म्हणून इथे केस भरण्याइतकंच ते विरळ करणंही महत्त्वाचं.

मग तो फोटोशॉपमध्ये बसवलेल्या तुकड्याला लेअर मास्क लावतो आणि मऊ काळ्या ब्रशने पुढची कड पुसत नेतो. मधूनमधून कातडी दिसू लागते. ती फारच उजळ भासते, म्हणून केसांच्या खालच्या वेगळ्या लेअरवर तो तपकिरी सावलीचा अगदी पुसट हात फिरवतो. केसांची दाटी निम्मी या सावलीतूनच भासते.

शेवटी बाळकेस. चेहरा मोठा असलेल्या फोटोत एक-दोन पिक्सेलचा ब्रश पुरतो. Shape Dynamics मध्ये Pen Pressure निवडलं, की पेनवरचा दाब कमी होताच केसाचं टोक निमुळतं होतं. रंग निव्वळ काळा घ्यायचा नाही. त्याच माणसाच्या कानाजवळच्या उजेडातल्या केसाचा उचलायचा. कपाळाच्या मध्यावर केस पुढे झुकतात, कानशिलाकडे ते खाली वळतात. प्रत्येकाची लांबी आणि बाक वेगळा हवा, काही केस एकमेकांना छेदून गेलेलेही हवेत. सारख्या अंतराने ओढलेले केस कंगव्याच्या दातांसारखे दिसतात, आणि ही चूक फार वेळा होते.

नवे केस मूळ फोटोपेक्षा जास्त धारदार दिसले, तर त्यांना किंचित ब्लर आणि मूळ फोटोइतकाच दाणा द्यावा लागतो. त्यानंतर फोटो आडवा उलटवून पाहायचा. सवयीने न दिसलेली चूक, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांचा हुबेहूब सारखेपणा, तेव्हा लगेच जाणवतो.

गृहस्थांच्या फोटोत उजवा कोपरा मुद्दाम थोडा मागेच ठेवलेला आहे. कपाळाच्या वरच्या आठीपर्यंत केस आणले असते, तर मुलीनेच विचारलं असतं, "हे बाबा आहेत?"