डोळ्यांना एक, संगणकाला दोन

लेखात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हे शब्द डोळ्यांना दिसतात, पण ‘दऱ्या’ शोधलं तर संगणक ‘सापडलं नाही’ म्हणतो. घोळ त्या आडव्या रफारात आहे. तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो. पहिल्या रीतीत नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य येतात. दुसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह U+200D आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मात्र पहिल्या ‘दऱ्या’त पाच संकेत, तर दुसऱ्यात सहा. अक्षरमोजणी केली की फरक उघडा पडतो.

युनिकोडचं NFC हे प्रमाणीकरण इथे अपुरं पडतं. र आणि सुटा नुक्ता यांचा ते एक ऱ करतं, जोडचिन्हाला मात्र हात लावत नाही. म्हणून काही जण ते चिन्हच सरसकट पुसून टाकतात. हा उपाय घातक आहे, कारण मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगराच्या शोधात समुद्र येतो! त्याऐवजी NFC नंतर एवढी एक अदलाबदल करावी:

```
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

ती साठवलेल्या मजकुरावर आणि शोधशब्दावर, दोन्हींवर करायला हवी. एकाच बाजूला केली तर आधी जुळणारे शब्दही निसटतात.