मोठी त्रुटी महाग की रेंगाळणारी?

टेबलाएवढी एक चकती मोटारीवर बसवली आहे आणि तिला हुकूम मिळतो: शून्यावरून १० अंशांवर जा. हुकूम मिळाला त्या क्षणी चकती जागेवरच असते, म्हणून त्रुटी पूर्ण १० अंशांची. मोटार जोर लावते, त्रुटी कमी होत जाते. चकती वेगात असल्यामुळे १० अंशांवर नेमकी थांबत नाही, थोडी पुढे जाते, मागे फिरते आणि एक-दोन हेलकाव्यांनंतर स्थिरावते. रडारच्या अँटेनापासून सीएनसी यंत्राच्या टेबलापर्यंत जागा पकडणाऱ्या बहुतेक यंत्रणांचा मूळ स्वभाव हाच. त्याचं सर्वांत साधं गणित म्हणजे द्वितीय श्रेणीचा लूप.

या लूपमध्ये आपल्या हाती दोन गेन असतात. पहिला जागेचा: त्रुटी जितकी जास्त तितका जोर जास्त. दुसरा वेगाचा: मोटारीच्या दांड्यावरचा टॅकोमीटर वेग मोजतो आणि त्या प्रमाणात उलट जोर लावून मोटारीला आवरतो. आपल्या उदाहरणात चकतीचं त्वरण म्हणजे १०० गुणिले त्रुटी, वजा c गुणिले वेग, असं धरू. हा c म्हणजे वेगाचा गेन. मोटारीचं स्वतःचं घर्षण त्यातच मोजलं आहे. आधी जागेचा गेन १०० वर कायम ठेवून फक्त c ठरवू. c फार लहान ठेवला तर चकती बराच वेळ डोलत राहते, फार मोठा ठेवला तर हळूहळू सरकत येते. मधली कोणती किंमत उत्तम म्हणायची?

‘उत्तम’ एका आकड्यात मांडायचं तर संपूर्ण प्रवासातली त्रुटी एकत्र मोजावी लागते. नुसती बेरीज केली तर फसगत होते, कारण पुढे गेलेल्या चकतीची त्रुटी ऋण असते आणि ती आधीच्या धन त्रुटीतून वजा होते. यंत्र जितकं डोलेल तितकी बेरीज लहान, असं उफराटं उत्तर येतं. म्हणून त्रुटीचं चिन्ह घालवावं लागतं, आणि त्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत त्रुटीचं केवल मूल्य घेऊन त्याचं काळावर संकलन करायचं. हा आयएई निर्देशांक. दुसरीत त्रुटीचा वर्ग करून संकलन करायचं, हा आयएसई. दोन्हींमध्ये आकडा जितका लहान तितका लूप चांगला.

आता गणित करून पाहू. आयएसई सर्वांत कमी येतो c = १० ला. त्याची किंमत १० येते, एकक अंशवर्ग-सेकंद. आयएई मात्र c = १३.२ च्या आसपास सर्वांत कमी होतो, सुमारे १.६१ अंश-सेकंद. नियंत्रण अभियंते हेच अवमंदन गुणोत्तराच्या भाषेत सांगतात: आयएसईला ०.५ हवं, आयएईला साधारण ०.६६. प्रत्यक्ष हालचालीतला फरक डोळ्यांना दिसण्याइतका आहे. c = १० असताना चकती ०.२४ सेकंदात पहिल्यांदा लक्ष्य ओलांडते आणि १.६३ अंश पुढे जाते. c = १३.२ असताना ती लक्ष्यावर ०.३१ सेकंदाने पोचते, पण फक्त ०.६३ अंश पुढे जाते. पाव सेकंदाच्या खेळात ०.०६ सेकंदांचा उशीर पत्करला की ओव्हरशूट निम्म्याहून खाली येतो.

हे असं का होतं, ते वर्ग करण्याच्या क्रियेतच दडलेलं आहे. सुरुवातीची १० अंशांची त्रुटी वर्ग केल्यावर १०० होते, एक अंशाची एकच राहते. म्हणजे त्रुटी दहा पटींनी कमी झाली, पण हिशेबातलं तिचं वजन शंभर पटींनी घटलं. c = १० च्या धावेचे दोन तुकडे करून पाहिले की हे अगदी जवळून दिसतं. चकती लक्ष्यावर पहिल्यांदा पोचते तोपर्यंतचा एक तुकडा, त्यानंतरचे सगळे हेलकावे हा दुसरा. आयएईच्या एकूण १.७१ पैकी जवळजवळ २४ टक्के दुसऱ्या तुकड्यातून येतात. आयएसईच्या एकूण १० मध्ये त्याच तुकड्याचा वाटा साडेचार टक्के आहे. लक्ष्य ओलांडल्यानंतर चकतीने काय केलं याकडे आयएसई जवळपास पाहतच नाही. त्याला एकच घाई असते, सुरुवातीची मोठी त्रुटी लवकर संपवण्याची, आणि म्हणून तो वेगाला आवरणारा गेन कमी मागतो.

असं असूनही आयएसई आधी रुळला, याला कारण आहे. १९४३ मध्ये एमआयटीत अल्बर्ट हॉल यांनी सर्व्होयंत्रणांच्या आखणीसाठी वर्गित त्रुटीचं संकलन ही कसोटी मांडली. युद्धकाळात तिथल्याच रेडिएशन लॅबोरेटरीत रडारच्या सर्व्होवर झालेलं काम १९४७ मध्ये जेम्स, निकोल्स आणि फिलिप्स यांच्या ग्रंथात आलं, आणि त्यातही वर्गित त्रुटीच केंद्रस्थानी होती. वर्गाचं संकलन पार्सेव्हलच्या प्रमेयाने थेट गुणकांमध्ये लिहिता येतं. हेलकाव्यांचा आलेख काढावाच लागत नाही. आपल्या चकतीचा आयएसई कागदावर दोन ओळींत निघतो. केवल मूल्याला अशी सोपी वाट नाही. त्रुटी शून्य ओलांडते तो प्रत्येक क्षण शोधून तुकडे जोडावे लागतात. द्वितीय श्रेणीत ते अजून हाताने जमतं, त्यापुढे संगणक लागतो. १९५३ मध्ये ग्रॅहम आणि लॅथ्रॉप यांनी अशा अनेक कसोट्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि केवल त्रुटीला काळाने गुणणारा तिसरा निर्देशांक पुढे आणला. त्याला अवमंदन गुणोत्तर ०.७ च्या आसपास हवं असतं.

मला या तुलनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट किमान बिंदू कुठे आहेत ही वाटत नाही, तर त्यांच्या आजूबाजूचा उतार वाटतो. आयएसईच्या आलेखाचा तळ फार सपाट आहे. c = १३.२ घेतला तर आयएसई १० वरून १०.३९ होतो, चार टक्क्यांपेक्षा कमी वाढ. उलट c आठवर आणला तर आयएसई १०.२५ येतो. म्हणजे आयएसईच्या मते c = ८ हा १३.२ पेक्षा चांगला! पण c = ८ ला चकती २.५ अंश पुढे जाते, हुकमाच्या एक चतुर्थांश. आयएई इथे स्पष्ट बोलतो: १३.२ ला १.६१, आठला १.९३. दोघांमधला एक नियम मानायचा असेल तर मी असं म्हणेन की आयएसईचं नुसतं किमान घेऊ नये. त्याच्या सपाट तळावर आयएईला पटेल असा बिंदू शोधावा. आयएसईचे चार टक्के सोडून ओव्हरशूट १६ टक्क्यांवरून सहावर येत असेल, तर जिथे हत्यार लक्ष्याच्या पुढे जाऊन कामाचा तुकडा कापतं अशा यंत्रावर हा सौदा निःशंक करावा. जिथे मोठी त्रुटीच घातक आहे आणि छोटे हेलकावे कुणाला जाणवत नाहीत, तिथे c = १० योग्य.

मात्र हे आकडे कागदावरचे आहेत. खऱ्या मोटारीवर मोजताना आयएईचा एक दुबळेपणा समोर येतो. समजा नोंद दोन सेकंदांची आहे आणि घर्षणामुळे चकती लक्ष्यापासून ०.२ अंशांवर अडकून बसली. स्थिरावल्यानंतरच्या दीड सेकंदात ही अडकलेली त्रुटी आयएईत ०.३ ची भर घालते. c = १० आणि c = १३.२ यांच्यातला खरा फरक फक्त ०.११ आहे, तो या भरीखाली बुडून जातो. आयएसईत तीच भर ०.०६ असते आणि तिथला फरक ०.३९, म्हणून तो टिकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: नोंदीचा काळ दुप्पट करून पाहा. आयएई काळाबरोबर सरळ रेषेत वाढत असेल तर तो हेलकावे मोजत नसून अडकलेली त्रुटी किंवा सेन्सरचा गोंगाट मोजतो आहे. अशा वेळी आधी घर्षणाचा बंदोबस्त करावा, किंवा निदान दोन्ही गेनच्या नोंदी सारख्याच कालावधीच्या घेऊन अखेरची त्रुटी तपासावी.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि पाठ्यपुस्तकं तो अनेकदा ओझरता सोडतात. वेगाचा गेन बदलायची सोयच नसेल, टॅकोमीटर नसेल आणि हाती फक्त जागेचा गेन K असेल तर? c दहावर अडकला आहे असं समजा. मग आपल्या १० अंशांच्या हुकमासाठी आयएसईचं सूत्र येतं:

ISE = 5 + 500/K

K वाढवत जा, आयएसई घटतच जातो. १०० ला १०, ४०० ला ६.२५, पण किमान बिंदू कधीच येत नाही. आयएई तरी वाचवेल असं वाटतं, पण तोही १०० ला १.७१, ४०० ला १.३७ असा उतरत १.२७ कडे सरकतो. दोन्ही निर्देशांक एकमुखाने सांगतात की गेन अनंत करा. आणि K = ४०० ला ओव्हरशूट ४४ टक्के झालेला असतो.

याचं कारण असं की हेलकावे किती झपाट्याने विरतात हे इथे फक्त c ठरवतो. K कितीही वाढवला तरी त्यांचा बाहेरचा वेढा त्याच गतीने आक्रसतो, स्थिरावायला साधारण ०.८ सेकंद लागतातच. वाढलेला K त्या वेढ्याच्या आत हेलकाव्यांची संख्या वाढवतो. त्यामुळे त्रुटी वरच्या कडेला थांबत नाही, सतत शून्य ओलांडत राहते आणि तिची सरासरी थोडी उतरते. निर्देशांकाला ती सुधारणा दिसते, यंत्राच्या गिअरला मात्र धक्के बसतात.

खऱ्या यंत्रात K अनंताकडे नेताच येत नाही. अँप्लिफायरचा व्होल्टेज संपतो, दांडा थोडा पिळवटतो, सेन्सर थोडा उशिरा सांगतो. लूप द्वितीय श्रेणीचा राहत नाही आणि एका मर्यादेपलीकडे डोलणं थांबतच नाही. म्हणून K निवडताना आयएई किंवा आयएसईला एकटं सोडता येत नाही. ओव्हरशूट किती चालेल, १० टक्के की पाच, हे आधी ठरवावं. मग त्या मर्यादेत बसणारा सर्वांत मोठा K घ्यावा. c = १० ला पाच टक्क्यांची मर्यादा घातली तर K सुमारे ५० वर येऊन थांबतो. तिथे दोन्ही निर्देशांक K = १०० पेक्षा वाईट असतील, आयएसई तर जवळपास १५, पण चकती अर्ध्या अंशापेक्षा जास्त पुढे जाणार नाही.