रिलेला दिसणारा खोटा फरक

विजेच्या लाइनमध्ये एका टोकाने जितका करंट शिरतो तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडायला हवा. फरक दिसला तर मधे कुठेतरी फॉल्ट आहे असं समजून दोन्हीकडचे ब्रेकर तत्काळ उघडायचे. या तत्त्वाचं पेटंट इंग्लंडमध्ये चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी १९०४ मध्ये घेतलं. तुलनेसाठी सुरुवातीला लाइनीसोबत तांब्याच्या पायलट वायर टाकत. त्या लांबल्या की त्यांचाच रोध आड येई, म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरपुढे त्यांचा फारसा उपयोग नसे. आता दोन्ही टोकांचे रिले आपापली मोजणी आकड्यांत करून फायबरवरून एकमेकांना पाठवतात.

पण फॉल्ट नसतानाही फरक दिसू शकतो. २० किलोमीटरची २२० केव्ही भूमिगत केबल घ्या. तिचा वाहक आणि बाहेरचं धातूचं कवच मिळून एक लांबलचक कपॅसिटर होतो. त्याचं मूल्य किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरलं तर किलोमीटरमागे सुमारे ८ अँपिअर, म्हणजे सगळ्या केबलला १६० अँपिअर चार्जिंग करंट लागतो. तो आत शिरतो, पण दुसऱ्या टोकाने बाहेर पडत नाही. रिले चुकून उडू नये म्हणून त्याचं सेटिंग साधारण अडीचपट, म्हणजे ४०० अँपिअर ठेवलं, तर त्याहून कमी करंटचा फॉल्ट त्याला दिसणारच नाही. व्होल्टेज मोजून हा करंट वजा करणारे रिले आहेत. मात्र पीटीचा फ्यूज उडाला की ती वजाबाकी बंद पडते, आणि रिलेने आपणहून वरच्या सेटिंगवर जायला हवं.

दुसरा फरक वेळेचा. नुसत्या उशिराने बिघडत नाही. निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागला हे रिले मोजतो आणि त्याचं निम्मं धरून दोन्ही टोकांची मोजणी एकाच क्षणाला जुळवतो. अडचण येते ती जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या की. दळणवळणाच्या रिंगमध्ये कुठेतरी फायबर तुटलं, आणि जाण्याची वाट २ मिलिसेकंदांचीच राहून येण्याची ४ ची झाली असं समजा. एकूण ६, म्हणून रिले ३ धरतो आणि १ मिलिसेकंदाने चुकतो. ५० हर्ट्झला तेवढा वेळ म्हणजे १८ अंश. केबलमधून १,००० अँपिअर जात असतील तर एवढ्यानेच ३१३ अँपिअरचा खोटा फरक दिसतो. बाहेर कुठे मोठा फॉल्ट होऊन या केबलमधून १०,००० अँपिअर धावले, तर तोच फरक ३,१३० होतो. करंट वाढेल तसं ट्रिपचं सेटिंगही वर सरकतं हे खरं, पण त्याचा उतार ३० टक्क्यांखाली असेल तर निर्दोष केबल बंद पडण्याचा धोका असतो.

म्हणून माझा आग्रह दळणवळण विभागाकडे असतो: जाण्या-येण्याची वाट एकच बांधून द्या, आणि एक तुटली तर दोन्ही एकदमच हलू द्या. ते जमत नसेल तर दोन्ही टोकांना जीपीएसचं घड्याळ लावावं. खोटा फरक कशामुळे आला हे रिलेच्या स्क्रीनवर ओळखता येतं. लोड कमी-जास्त झाला तरी फरक जवळपास तेवढाच राहिला तर तो चार्जिंगचा. लोडबरोबर तो चढत-उतरत असेल तर सीटीचं रेशो आणि जोडण्या तपासाव्यात. त्या बरोबर निघाल्या तर दोन्ही दिशांचा उशीर वेगवेगळा मोजून पाहावा.