दोन जिवलग आणि एकच आवड

राज कपूर यांचा १९६४ सालचा ‘संगम’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सुंदर आणि गोपाळ जिवलग मित्र, दोघांचंही राधेवर प्रेम. सुंदर ते उघड बोलतो. गोपाळ दोस्तीखातर गप्प बसतो, आणि राधेचा ओढा तर त्याच्याकडेच असतो. आपण याला त्याग म्हणून डोळे पुसतो. पण नीट पाहिलं तर गोपाळनं मित्राला खरं सांगितलं नाही, आणि राधेचा निर्णयही परस्पर घेऊन टाकला. लग्नानंतर एक निनावी प्रेमपत्र सुंदरच्या हाती लागतं, संशय तिघांनाही पोखरतो आणि शेवटी गोपाळ जीव देतो.

आता हेच हॉस्टेलच्या खोलीत आणू. समजा, अमृता रात्री स्नेहाला सांगते, “मला निखिल आवडतो.” निखिल दोघींचाही मित्र. स्नेहालाही तो आवडतो, पण ती घाईत म्हणून जाते, “अगं, मस्तच की!” इथवर फार बिघडलेलं नाही, माणूस गडबडतोच. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी, अमृता सल्ला विचारते तेव्हा. “आज नको मेसेज करूस” हा सल्ला मैत्रिणीच्या भल्याचा की स्वतःच्या सोयीचा, हे स्नेहालाही कळणार नाही. म्हणून तो पहिला सल्ला देण्याआधीच बोलायला हवं. समोरासमोर, दोघीच असताना, व्हॉट्सॲपवर नको. “काल मी गडबडले. मलाही तो आवडतो. तू मागे हो असं म्हणत नाही, पण त्याच्याबाबतीत माझा सल्ला घेऊ नकोस.” एवढं पुरे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, “पण आधी मी सांगितलं!” एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, माणूस नाही. तसंच दोघींनी आपसांत वाटणी करून “तू विचार, मी सोडते” असं ठरवणं म्हणजे पुन्हा गोपाळचीच चूक. ठरवायचं ते इतकंच: जी निखिलशी बोलणार, तिनं दुसरीला आधी कळवायचं. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. आणि एकीनं दुसरीचं गुपित त्याच्यापाशी उघडं करायचं नाही, त्याला दोघींचा पंचही करायचं नाही. तोही मित्रच आहे. (त्याच्या मनात तिसरीच कुणी असते, असंही पुष्कळदा होतं.)

समजा तो अमृताला हो म्हणाला. मग स्नेहानं हसतमुखानं त्यांच्यासोबत सिनेमाला जावं, ही अपेक्षा आम्हाला क्रूर वाटते. “मला थोडे दिवस तुमच्यात यायला जमणार नाही” असं तिनं दोघांनाही सांगावं, म्हणजे तिचं दूर राहणं राग ठरत नाही. अमृतानंही फिरायला गेल्याचे किस्से दुसऱ्या मैत्रिणीला सांगावेत. त्यांच्या भांडणाची बातमी ऐकून स्नेहाला मनातून बरं वाटत असेल, तर ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.