30 एप्रिल की 1 मे?

चाकणच्या एका कारखान्यातली क्वालिटी इंजिनीअर. सोमवारी, 2 मार्च 2026 ला तिने राजीनाम्याची मेल पाठवली. नेमणूकपत्रात नोटीस साठ दिवसांची होती. 3 मार्चपासून दिवस मोजले की साठावा दिवस येतो 1 मे, म्हणजे महाराष्ट्र दिन. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी, त्यामुळे ती शेवटची कामावर गेली 30 एप्रिलला. नव्या कंपनीत 4 मेला रुजू व्हायचं होतं.

हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला घोळ एचआरच्या माणसांना चांगलाच ओळखीचा आहे. एका कारकुनाने रिलीव्हिंग लेटरवर 1 मे लिहिलं आणि दुसऱ्याने हजेरीपट बघून अनुभव प्रमाणपत्रावर 30 एप्रिल. नव्या कंपनीसाठी पडताळणी करणाऱ्या संस्थेने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि फाइल अडकली.

ही दोन पत्रं एकच नव्हेत, जरी काही कंपन्या दोन्ही मजकूर एकाच कागदावर देत असल्या तरी. रिलीव्हिंग लेटर सांगतं की राजीनामा मंजूर झाला असून अमुक तारखेला माणूस कामातून मोकळा झाला. अनुभव प्रमाणपत्र सांगतं की कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर नोकरी केली. नव्या कंपनीला पहिल्यातून कळतं की माणूस जुन्या नोकरीत अडकलेला नाही, आणि दुसऱ्यातून त्याने सांगितलेली वर्षं खरी आहेत की नाहीत. दोन्हींतली शेवटची तारीख जुळली, तरच कागदांना अर्थ.

म्हणून तारखेचा प्रश्न नोकरी सोडल्यावर नव्हे, नोटीस चालू असतानाच मिटवायचा असतो. त्या इंजिनीअरने मार्चमध्येच एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं: ‘माझी साठ दिवसांची नोटीस 1 मे रोजी संपते. त्या दिवशी सुट्टी आहे. कार्यमुक्तीची तारीख 1 मे धरली आहे की 30 एप्रिल, ते कृपया मेलने कळवावे. दोन्ही पत्रांवर तीच तारीख असावी.’ या मेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवायची. कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेल बंद होतो आणि राजीनामा मंजूर झाल्याचा पुरावा त्यातच राहून जातो.

तारीख एकदा ठरली की ती भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीतही उतरावी लागते. तिथे नोकरी सोडल्याची तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली असते. 1 मे लिहायचं तर मेच्या एका दिवसाची वर्गणी भरलेली हवी. कंपनीने तारीख टाकलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर कर्मचारी पोर्टलवर ‘Mark Exit’मध्ये जाऊन ती स्वतः नोंदवू शकतो.

पत्रं वेळेत आली नाहीत, तर मागणीलाही तारीख लागते. ‘लवकरात लवकर द्यावे’ असं लिहिलं की उत्तरही ‘लवकरच देऊ’ असं येतं. त्याऐवजी 11 मेच्या मेलमध्ये कर्मचारी क्रमांक, पद, रुजू झाल्याची आणि ठरलेली शेवटची तारीख द्यावी, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केल्याची पावती जोडावी आणि ‘दोन्ही पत्रे 18 मेपर्यंत मिळावीत’ असं लिहावं. त्या दिवशीही काही आलं नाही, तर तोच मजकूर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोहोच जपून ठेवावी.

कंपनी बहुधा अडवते ती ‘नो ड्यूज’वर: एखाद्या विभागाची सही राहिलेली असते, नाहीतर अपुऱ्या नोटिशीचे पैसे येणं बाकी असतं. त्यामुळे मागणीआधी नेमकं काय बाकी आहे ते लेखी विचारून घेतलेलं बरं. पगाराचा हिशेब मात्र या पत्रांसाठी थांबायला नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं.

पत्रांच्या बाबतीत कायदा इतका सरळ नाही. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्राचा हक्क दिला होता, पण तो बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा निवृत्तीच्या वेळी. राजीनामा दिलेल्या व्यवस्थापकाला किंवा इंजिनीअरला बहुतेकदा नेमणूकपत्रातल्या अटींवर आणि कंपनीच्या धोरणावरच बोट ठेवावं लागतं.

तोवर नव्या कंपनीला राजीनामा मंजूर झाल्याची मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पगार जमा झालेलं बँकेचं विवरण आणि निधीच्या पोर्टलवरची सेवा नोंद देता येते. अनेक कंपन्या या कागदांवर रुजू करून घेतात आणि रिलीव्हिंग लेटरसाठी मुदत देतात. आपल्या इंजिनीअरचंही तसंच झालं. 4 मेला ती रुजू झाली आणि जुन्या कंपनीकडे तिने एकच दुरुस्ती मागितली: अनुभव प्रमाणपत्रावर 30 एप्रिलच्या जागी 1 मे.