रोजची ठरलेली रक्कम आणि प्रत्यक्ष बिल

हॉस्पिटल डेली कॅश विम्यात रुग्ण जितके दिवस दाखल राहतो, तितक्या दिवसांची ठरलेली रक्कम मिळते; बिलाच्या आकड्याशी तिचा संबंध नसतो. मेडिक्लेममध्ये मात्र पॉलिसीच्या अटी आणि विमा रकमेच्या मर्यादेत झालेला खर्चच भरून मिळतो.

समजा, रोज 2,000 रुपयांची योजना आहे आणि पहिला दिवस वगळण्याची अट आहे. डेंग्यूसाठी पाच दिवस दाखल राहिलेल्या रुग्णाला चार दिवसांचे 8,000 रुपये मिळतील, मग बिल 20,000 असो वा 60,000. मेडिक्लेममधून बिल चुकते झाले असले तरी ही रक्कम सहसा वेगळी मिळते. बुडालेली मजुरी, नातेवाइकांचा प्रवास आणि जेवण यांसाठी ती उपयोगी पडते.

मर्यादा अँजिओप्लास्टीत दिसते. बिल अडीच लाखांचे, मुक्काम दोनच दिवसांचा. हाती येतात फक्त 2,000 रुपये. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेत रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. बहुतेक योजनांत किमान 24 तास दाखल राहण्याची अट असल्याने तिथे सहसा काहीच मिळत नाही. वर्षाला किती दिवसांचे पैसे मिळतील, यावरही मर्यादा असते. म्हणून ही योजना मेडिक्लेमला जोड ठरते, पर्याय नाही.